फेडचा ताळेबंद फुगला की सोनं चढतं, हे कितपत खरं?

२०२५ च्या ऑक्टोबरात सोन्याने औंसामागे ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि जुनं स्पष्टीकरण पुन्हा फिरू लागलं: अमेरिका नोटा छापत सुटली आहे, म्हणून सोनं वाढतंय. या म्हणण्यात तथ्य आहे, पण निम्मंच. २०२२ च्या नोव्हेंबरात सोनं १,६२० डॉलरच्या आसपास होतं. तिथून ते ४,००० वर गेलं त्या तीन वर्षांत अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, बाजारातून पैसा आटवत होती. तिचा ताळेबंद जवळपास ८.७ लाख कोटी डॉलरवरून ६.६ लाख कोटींवर आला. याच्या अगदी उलटही घडून गेलंय. २०१३ मध्ये फेड दर महिन्याला ८,५०० कोटी डॉलर बाजारात ओतत होती आणि त्याच वर्षी सोनं २७ टक्क्यांहून जास्त पडलं.

या दोन्ही गोष्टी एका सूत्रात बसतात का? बऱ्याच अंशी बसतात. पण त्यासाठी पैसा किती ओतला यावरून नजर हलवून त्या पैशामुळे व्याजाचं काय झालं इकडे बघावं लागतं.

## फेड नेमकं करते काय

मध्यवर्ती बँकेचं नेहमीचं हत्यार म्हणजे अल्प मुदतीचा व्याजदर. मंदी आली की तो खाली आणायचा. २००८ च्या डिसेंबरात तो शून्याला टेकला आणि त्याखाली न्यायला जागा उरली नाही. मग फेडने लांब मुदतीच्या व्याजाला हात घातला. बाजारातून सरकारी कर्जरोखे आणि गृहकर्जांवर आधारलेले रोखे मोठ्या प्रमाणात विकत घ्यायला सुरुवात केली. यालाच क्वांटिटेटिव्ह ईझिंग, थोडक्यात क्यूई, म्हणतात.

यात छापखाना कुठेच चालत नाही. फेड ठरावीक मोठ्या दलाल कंपन्यांकडून रोखे घेते आणि त्यांच्या बँकेच्या फेडमधल्या खात्यावर तेवढी रक्कम जमा दाखवते. ताळेबंदाच्या एका बाजूला रोखे वाढतात, दुसऱ्या बाजूला बँकांच्या राखीव जमा. ताळेबंद फुगला असं म्हणतात ते एवढ्यासाठीच. २००८ च्या उन्हाळ्यात तो सुमारे ०.९ लाख कोटी डॉलरचा होता, २०१४ च्या अखेरीस ४.५ लाख कोटींचा झाला.

ही राखीव जमा बँकांनी एकमेकींना द्यायची असते. ती उचलून कुणी किराणा भरू शकत नाही. शिवाय ऑक्टोबर २००८ पासून फेड या रकमेवर व्याजही देते. त्यामुळे बराचसा पैसा फेडच्या वहीतच बसून राहिला, आणि २००९ मध्ये अनेकांनी वर्तवलेली भडक महागाई पुढची दहा वर्षं आलीच नाही.

## किंमत वर, परतावा खाली

मग क्यूईचा परिणाम होतो तो कसा? एखाद्या बाजारपेठेतला दुकानाचा गाळा डोळ्यांपुढे आणा. भाडं वर्षाला तीन लाख, गाळ्याची किंमत ६० लाख. म्हणजे परतावा पाच टक्के. आता एक धनाढ्य खरेदीदार आला आणि मिळेल त्या भावाने गाळे घेऊ लागला. किंमत ७५ लाखांवर गेली, भाडं मात्र तेवढंच राहिलं. नव्याने घेणाऱ्याला आता चारच टक्के सुटतात. कर्जरोख्याचं असंच आहे. त्यावरचं व्याज ठरलेलं असतं. फेड घाऊक खरेदीला उतरली की रोख्याची किंमत चढते आणि परतावा घसरतो.

सोन्याच्या दृष्टीने यातला एकच आकडा महत्त्वाचा: या परताव्यातून अपेक्षित महागाई वजा केल्यावर जे उरतं ते. त्याला वास्तव व्याज म्हणू. अमेरिकेत हे अंदाजाने काढावं लागत नाही. तिथे महागाईशी जोडलेले सरकारी रोखे मिळतात, टिप्स नावाचे. त्यांचा परतावा म्हणजेच वास्तव व्याज, आणि तो रोज बाजारात दिसतो.

सोन्यावर व्याज मिळत नाही. ते जवळ ठेवण्याचा खरा खर्च म्हणजे त्याऐवजी टिप्समध्ये जे मिळालं असतं ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा वर्षांच्या टिप्सवर अडीच टक्क्यांच्या आसपास परतावा होता. तेव्हा गुंतवलेल्या १०० डॉलरची खरेदीची ताकद दहा वर्षांनी १२८ डॉलरची होते, तीही सरकारी हमीसह. ऑगस्ट २०२० मध्ये हाच परतावा उणे एक टक्का होता. त्याच १०० डॉलरचे दहा वर्षांनी सुमारे ९० उरणार, आणि हे घेणाऱ्याला आधीच माहीत. सुरक्षित रोखाच खात्रीने नुकसान करणार असेल, तर नुसतं जागेवर राहणारं सोनंही फायद्याचं दिसतं. सोन्याने त्याच महिन्यात २,०७५ डॉलरचा तेव्हाचा उच्चांक गाठला.

## १८ मार्च २००९ ची दुपार

ही साखळी प्रत्यक्षात कशी चालते ते एका दिवसात स्वच्छ दिसलं. पहिली क्यूई नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाली होती, पण ती मुख्यतः गृहकर्ज रोख्यांची होती. १८ मार्च २००९ ला फेडने ती वाढवली आणि सोबत ३०,००० कोटी डॉलरचे लांब मुदतीचे सरकारी रोखे घेण्याचं जाहीर केलं. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा त्या दिवशी तीन टक्क्यांच्या आसपासहून अडीचवर उतरला. एका दिवसात जवळपास अर्धा टक्का ही रोखे बाजारात क्वचित होणारी गोष्ट आहे. घोषणेआधी ८९० डॉलरच्या आसपास रेंगाळणारं सोनं दुसऱ्या दिवशी ९५० च्या घरात होतं.

त्या क्षणी फेडने यातला एकही रोखा घेतला नव्हता. ताळेबंद जिथल्या तिथे होता. भाव हलला तो घोषणेवर. पुढच्या सगळ्या गोंधळाची किल्ली इथे आहे. ताळेबंद आठवड्या-आठवड्याने वाढतो, बाजार मात्र पुढच्या वर्षभराची खरेदी एका दुपारी भावात धरून मोकळा होतो.

नोव्हेंबर २०१० मध्ये ६०,००० कोटी डॉलरची दुसरी फेरी आली. सप्टेंबर २०११ मध्ये सोनं १,९२० डॉलरला टेकलं. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. 'ताळेबंद वाढला की सोनं वाढतं' हा समज पक्का झाला तो याच तीन वर्षांत.

## २०१३: पैसा ओतणं चालू, तरी सोनं कोसळलं

सप्टेंबर २०१२ मध्ये तिसरी क्यूई आली, आणि या वेळी तिला शेवटच नव्हता. महिन्याला ४,००० कोटी डॉलरचे गृहकर्ज रोखे, नोकऱ्यांची स्थिती सुधारेपर्यंत. डिसेंबरात त्यात ४,५०० कोटींचे सरकारी रोखे जोडले गेले. फेडचा ताळेबंद २०१२ च्या अखेरीस २.९ लाख कोटी डॉलर होता, तो वर्षभरात ४ लाख कोटींवर गेला. एप्रिल २०१३ मध्ये बँक ऑफ जपाननेही दोन वर्षांत पैशाचा पाया दुप्पट करण्याचं जाहीर केलं. 'छापलेल्या पैशा'चा सिद्धांत खरा असता तर सोन्यासाठी याहून चांगलं वर्ष सापडलं नसतं.

जपानच्या घोषणेला दीड आठवडाही झाला नव्हता. १२ आणि १५ एप्रिल या दोन व्यवहारांच्या दिवसांत सोनं सुमारे १३ टक्के पडलं, १,५६० च्या घरातून १,३५० च्या आसपास. २२ मे रोजी फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी अमेरिकी संसदेपुढे सांगितलं की येत्या काही बैठकांत खरेदीचा वेग कमी करण्याचा विचार होऊ शकतो. बंद करू म्हटलं नव्हतं, विकू तर नाहीच. फक्त वेग कमी करू. एवढ्यावर टिप्सचा परतावा झपाट्याने फिरला. एप्रिलमध्ये तो उणे ०.७ टक्क्यांच्या आसपास होता, सप्टेंबरात अधिक ०.९ च्या जवळ गेला. वर्षाच्या सुरुवातीला १,६५७ डॉलर असलेलं सोनं वर्षअखेरीस १,२०० वर आलं.

विकलं कोणी हेही उघड दिसतं. एसपीडीआर गोल्ड हा सोन्यावर आधारलेला सर्वांत मोठा फंड आहे. ज्यांनी शून्य व्याजाच्या काळात रोख्यांऐवजी सोनं धरलं होतं, त्या पाश्चात्त्य गुंतवणूकदारांचा पैसा त्यात होता. डिसेंबर २०१२ मध्ये या फंडाकडे १,३५३ टन सोनं होतं, वर्षाने ७९८ टन उरलं. म्हणजे साडेपाचशे टनांहून जास्त एकाच तिजोरीतून बाहेर पडलं. फेडने प्रत्यक्ष खरेदी कमी करायला सुरुवात केली ती जानेवारी २०१४ मध्ये, तोवर सोन्याची मोठी पडझड होऊन गेली होती.

## मग आपल्याकडे तेव्हा सोनं स्वस्त का झालं नाही?

हा आक्षेप रास्त आहे, कारण २०१३ च्या ऑगस्टात ज्यांनी लग्नाचे दागिने केले त्यांना यातली एक टक्काही घसरण दिसली नाही. कागदावर मांडून बघू. एका औंसात ३१.१०३५ ग्रॅम. सप्टेंबर २०११ मध्ये सोनं १,९०० डॉलर आणि डॉलर ४६ रुपयांच्या आसपास धरला, तर दहा ग्रॅमला २८,१०० रुपये होतात. आयात शुल्क तेव्हा दहा ग्रॅमला ३०० रुपये होतं, म्हणजे २८,४००.

२८ ऑगस्ट २०१३ ला सोनं १,४२० डॉलरच्या घरात होतं, म्हणजे डॉलरमध्ये २५ टक्के खाली. पण त्या दिवशी डॉलर ६८.८० रुपयांना पोचला होता. गुणाकार-भागाकार केल्यावर दहा ग्रॅमचे ३१,४०० होतात. त्यावर वर्षभरात चारावरून दहा टक्क्यांवर गेलेलं आयात शुल्क लावा: ३४,५५० रुपये. रुपया ४६ वर राहिला असता आणि शुल्क नसतं, तर हाच हिशोब २१,००० च्या आसपास आला असता. वरचे साडेतेरा हजार म्हणजे दहा हजारांहून थोडे जास्त रुपया घसरल्याचे आणि तीन हजारांवर शुल्काचे.

गंमत अशी की सोनं पाडणारं आणि रुपया पाडणारं कारण एकच होतं. अमेरिकेत व्याज वाढणार म्हटल्यावर परदेशी पैसा भारतीय रोख्यांतून निघाला. चालू खात्यातली तूट आधीच मोठी होती आणि तिच्यात सोन्याच्या आयातीचा वाटा होता, म्हणून सरकारने शुल्क वाढवलं. त्यामुळे झवेरी बाजारातल्या भावावरून क्यूईचा परिणाम मोजायला जाऊ नये. तो भाव म्हणजे डॉलरमधलं सोनं, डॉलरचा रुपयांतला दर आणि शुल्क या तिघांचा एकत्रित आकडा असतो, आणि यांतले पहिले दोन बऱ्याचदा उलट दिशेने चालतात.

## महागाई वाढली की तरी सोनं वाढतं ना?

२०२० मध्ये सगळंच मोठ्या मापाने झालं. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधी सोनंही पडलं, १,६८० वरून १,४७० च्या आसपास. घबराटीत ज्यांना रोकड हवी असते ते जे विकलं जाईल ते विकतात, आणि सोनं लगेच विकलं जातं. २००८ च्या ऑक्टोबरातही हेच झालं होतं. २३ मार्चला फेडने लागेल तेवढी खरेदी करण्याचं जाहीर केलं, टिप्सचा परतावा उणेत गेला आणि ऑगस्टपर्यंत सोनं उच्चांकावर पोचलं.

पण या वेळी एक फरक होता. फेड रोखे घेत असतानाच अमेरिकी सरकार कर्ज काढून लोकांना मदतीचे धनादेश वाटत होतं: आधी १,२०० डॉलर, मग ६००, मग १,४००. त्यामुळे पैसा बँकांच्या राखीव जमेत अडकून न राहता थेट घरोघरच्या खात्यांत गेला. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्के झाली, चाळीस वर्षांतली सर्वाधिक.

आणि सोनं? २०२२ सुरू होताना १,८३० डॉलरच्या आसपास होतं, संपताना १,८२० च्या. मध्ये तर १,६१५ पर्यंत खाली गेलं. कारण फेडने त्या एका वर्षात व्याजदर जवळजवळ शून्यावरून साडेचार टक्क्यांवर नेला आणि टिप्सचा परतावा उणे एकवरून दीड टक्क्यावर आला. सोन्याला महागाई आवडते असं म्हणतात, ते पूर्ण बरोबर नाही. व्याज महागाईच्या मागे पडलं तर सोनं चढतं. मध्यवर्ती बँक महागाईमागे दांडकं घेऊन धावू लागली की सोन्यालाही फटका बसतो.

## २०२२ नंतर हे सूत्रही का सुटलं?

इथे वास्तव व्याजाची बाजू मांडणाऱ्यांनाही उत्तर द्यावं लागतं. २०२३ मध्ये टिप्सचा परतावा अडीच टक्क्यांपर्यंत चढला, ताळेबंद आकसत होता, तरी सोनं वर्षअखेरीस २,०६० डॉलरच्या वर राहिलं. जुन्या हिशोबाने ते बरंच खाली असायला हवं होतं.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली. अमेरिकी किंवा युरोपीय रोखे बुडत नसले तरी एका आदेशाने हाताबाहेर जाऊ शकतात, हे बाकीच्या देशांनी पाहिलं. जागतिक सुवर्ण परिषदेच्या आकडेवारीनुसार २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी मध्यवर्ती बँकांनी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं, आधीच्या दशकातल्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. पोलंड, चीन, तुर्कस्तान यांच्यासोबत आपली रिझर्व्ह बँकही त्यात होती. २०२४ मध्ये तिने ७२ टनांहून जास्त घेतलं.

हा खरेदीदार टिप्समध्ये किती सुटतं याचा हिशोब करत नाही. त्याला व्याजापेक्षा ताबा महत्त्वाचा. जुना खरेदीदार मात्र जुन्याच नियमाने वागत होता: पाश्चात्त्य सुवर्ण फंडांतून २०२२ आणि २०२३ मध्ये सोनं बाहेरच पडत राहिलं. मला यावरून असं वाटतं की वास्तव व्याजाचं सूत्र खोटं ठरलेलं नाही. ते ज्यांना लागू होतं त्यांचा बाजारातला वाटा घटला, एवढंच. वाढत्या सरकारी कर्जांची धास्ती हेही कारण दिलं जातं आणि ते हसण्यावारी नेण्याजोगं नाही, पण त्याचा वाटा वेगळा काढून दाखवणं अवघड आहे.

## लांब पल्ल्यात तरी दोन्ही वाढलेच की

वाढले. २००८ पासून ताळेबंद सातपटीहून जास्त झाला आणि सोनं साधारण पाचपट. पण सतत चढणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टींचे आलेख वीस वर्षांच्या कागदावर जुळलेले दिसतात. खरी परीक्षा बदलाची असते: ज्या तिमाहीत ताळेबंद जास्त वाढला, त्याच तिमाहीत सोनंही जास्त वाढलं का? २०११ ते २०१५ हा काळ घेतला तर ताळेबंद दीडपटीहून मोठा झाला आणि सोनं १,९२० वरून १,०५० वर आलं.

आणखी एक तपशील या चर्चेत क्वचितच येतो. फेडच्या स्वतःच्या ताळेबंदात सोन्याचा भाव कधी चढतच नाही. अमेरिकी सरकारकडच्या ८,१०० टनांवर सोन्यापोटीची प्रमाणपत्रं तिच्याकडे आहेत आणि ती १९७३ च्या कायदेशीर भावाने, औंसामागे ४२.२२ डॉलरने, मांडलेली असतात. त्यामुळे दर आठवड्याच्या पत्रकात ती ओळ १,१०४ कोटी डॉलरच्या आसपासच असते, बाजारात काहीही होवो.

## स्वतः पडताळायचं असेल तर

सेंट लुईस फेडच्या FRED या संकेतस्थळावर ताळेबंद आणि टिप्सचा परतावा दोन्ही फुकट मिळतात, सोन्याचा भाव मात्र दुसरीकडून घ्यावा लागतो. शोधपेटीत `WALCL` टाकलं की ताळेबंद दिसतो. तो दर बुधवारचा असतो आणि गुरुवारी जाहीर होतो. `DFII10` म्हणजे दहा वर्षांच्या टिप्सचा परतावा, रोजचा. सोन्याच्या भावाशेजारी आधी दुसरा आलेख ठेवा, मग पहिला. २००७ ते २०२१ या काळात सोनं आणि `DFII10` आरशात पाहिल्यासारखे उलट चालतात, २०२२ नंतर फारकत होते. ही फारकत कमी होतेय की वाढतेय, यावरून कोणता खरेदीदार भाव ठरवतोय याचा अंदाज येतो.

'फेड पुन्हा खरेदी करतेय' अशी बातमी आली तर रक्कम नंतर बघा, आधी काय घेतलं जातंय ते बघा. १ डिसेंबर २०२५ पासून फेडने ताळेबंद आटवणं थांबवलं आणि त्याच महिन्यात पहिल्या महिन्यासाठी ४,००० कोटी डॉलरची खरेदी जाहीर केली. आकडा तिसऱ्या क्यूईच्या पहिल्या हप्त्याइतकाच, म्हणून लगेच 'क्यूई परत आली' अशी ओरड झाली. पण ही खरेदी अल्प मुदतीच्या सरकारी हुंड्यांची होती, बँकांच्या राखीव जमा कमी पडू नयेत यासाठी. अशा खरेदीने `WALCL` वर जातो. दहा वर्षांच्या परताव्यावर थेट दाब येत नाही. लांब मुदतीचे रोखे घेण्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी `DFII10` खाली सरकला, तर ती सोन्याच्या दृष्टीने खरी क्यूई.